मोबदला घेतला नाही

मी माहेरची सांगलीची, त्यामुळे तोंडाने फटकळ. सातारला येऊन वीसेक वर्षं लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरतेय, तरी फटकळपणा काही गेला नाही. जुलै महिन्यात तर माझ्या वाटेला कोणी जाऊ नये. पण अशाच एका जुलैमध्ये एक काकू आल्या आणि मी पाघळले.

आमच्याकडे फौजी लोक फार. साहेब पुढे, बायको मागे, आणि बायकोचे कागद साहेबांच्याच फाईलमध्ये, हा रिवाज. ह्या काकू एकट्या आल्या. कापडी पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं, त्यातून पॅन कार्ड काढलं आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "माझं रिटर्न भरायचं हाय. माझं स्वतःचं."

नवरा सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, आता एमआयडीसीतल्या कारखान्यात सिक्युरिटीला. काकूंच्या नावावर बँकेत मोठी ठेव होती. वर्षाचं व्याज कर लागण्याइतकं नव्हतं, म्हणजे रिटर्नची गरजच नव्हती. तसं सांगितलं तर म्हणाल्या, "गरज नसू दे. भरा तुमी." मला इतकं कौतुक वाटलं, की ठेवीचे पैसे आले कुठून हे विचारायचंच राहिलं. विचारणं माझं काम होतं. दुसऱ्या वर्षीही तेच केलं. दोन वर्षं मी गाढवासारखी वागले.

मग काकूंच्या नावाने इन्कम टॅक्स खात्याची नोटीस आली. ठेवीचा पैसा कुठला? पतीने दिला असल्यास व्याज पतीच्या उत्पन्नात का धरू नये? उत्तराला पंधरा दिवस. नोटीस पोर्टलवर पडली होती आणि मी ती पाहिली शेवटच्या आठवड्यात. दोघांना बोलावून घेतलं.

"निवृत्तीचा पैसा आला, तो समदा हिच्या नावावर टाकला," सुभेदार म्हणाले. ताठ बसले होते, मी त्यांचा कमांडिंग ऑफिसर असल्यासारखे. "चुकलं काय?"

देण्यात काहीच चुकलं नव्हतं. त्यांना सांगितलं, नवऱ्याने बायकोला हवं तेवढं द्यावं, त्यावर कर नाही. पण दिलेल्या पैशावर जे व्याज येतं, ते कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतो. नाहीतर जो तो आपली कमाई घरातल्या बिनकमाईच्या माणसाच्या नावावर टाकून मोकळा होईल. अल्पवयीन मुलाच्या नावावर टाकली तरी आई-बापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्यात धरतात.

"मग बँकेत दर एप्रिलला फॉर्म भरून देते मी, त्याचं काय?" काकू म्हणाल्या. व्याजातून कर कापू नये म्हणून द्यायचा तो फॉर्म. मी त्याची प्रत काढली आणि खालची बारीक ओळ वाचून दाखवली. हे उत्पन्न दुसऱ्या कोणाच्या उत्पन्नात मिळवण्यासारखं नाही, असं काकूंनी सहीनिशी लिहून दिलं होतं. ती ओळ आख्ख्या जिल्ह्यात कोणी वाचत नाही. मीही कधी कोणाला वाचायला लावली नव्हती, अहो!

काकूंचा चेहरा पडला. पाकीट मांडीवर घट्ट धरून त्या म्हणाल्या, "म्हंजी पैसं परत ह्यांचंच झालं म्हणा की."

"नाही हो काकू! पैसे तुमचेच. ठेव तुमची, व्याजही तुमच्याच खात्यात येणार. फक्त त्याचा कर सुभेदार भरणार."

"माझं असतं तर माझ्यात धरलं असतं." एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांना कराची पर्वा नव्हती. जन्मात पहिल्यांदा काहीतरी आपल्या नावाचं झालं होतं, आणि ते मी आणि खातं मिळून काढून घेत होतो. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी आणखीच भराभर बोलते.

त्यांना रस्ता सांगितला. सुभेदारांची मागच्या दोन्ही वर्षांची रिटर्न्स पुन्हा भरायची, त्यात बायकोचं नाव, पॅन, नातं घालून व्याज दाखवायचं. मूळ कर, त्यावरचं व्याज आणि उशिराबद्दलचा जादा कर भरायचा. जादा कर माझ्या चुकीचा, तो मी देते म्हटलं. सुभेदार हसले. "मॅडम, आमच्यात पहाऱ्यावर संत्री झोपला तर संत्र्यालाच सजा. पर तुमी दोन वर्सं फी किती कमी घेतली ते ठावं हाय मला. राहू द्या." मी ओशाळले.

राहिलं नोटिशीचं उत्तर. बक्षीसपत्र कधी केलेलंच नव्हतं, म्हणून सुभेदारांचा खुलासा जोडायचा ठरवलं आणि सांगू लागले, "लिहा. सदर रक्कम मी माझ्या पत्नीस राजीखुशीने बक्षीस दिली असून त्याबदल्यात कोणताही मोबदला घेतलेला नाही."

सुभेदारांनी 'बक्षीस दिली' पर्यंत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"फुडचं न्हाई लिहिणार."

"का?"

"खोटं हाय."

मी कपाळावर हात मारला. उत्तराची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. "अहो सुभेदार, काय मोबदला घेतलात तुम्ही?"

"चोवीस वर्सं मी बाहेर. आईचं अंथरूण हिनं काढलं, बाच्या आजारपणात बी हीच हुती. ऊस हिनं लावला, पोरींची लग्नं हिनं जमवली. मी सुट्टीवर यायचो ते पाव्हण्यासारखा. आणि मोबदला घेतला न्हाई म्हणून सही करू? ते बक्षीस बी न्हाई मॅडम. हिचा इतकी वर्सं तटलेला पगार हाय."

काकू खिडकीकडून वळल्या. इतक्या वर्षांत सुभेदार असं कधी बोलले नसावेत, हे मला काकूंच्या तोंडाकडे बघूनच कळलं. "आवं, काय बोलताय चारचौघांत," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. माझंही नाक चोंदलं.

तरी कायदा सांगावाच लागला. घरासाठी राबणं, माया, जीव लावणं, हे कायद्याला मोबदला म्हणून चालत नाही. तसा पगार कुठे ठरला नव्हता, कुठे लिहिलेला नव्हता. सुभेदारांनी ऐकून घेतलं, पेन उचललं आणि पुढे लिहिलं, "कायद्याने धरावा असा मोबदला घेतलेला नाही." मग मला न विचारता आणखी एक ओळ लिहिली. "परंतु माझ्या मते मी चोवीस वर्षे आधीच घेतलेला आहे."

"ही ओळ काढा. खात्याला तिचा उपयोग नाही," मी म्हटलं.

"राहू दे ती," काकू म्हणाल्या. आवाज एकदम कडक. "आन मला ह्या कागदाची एक झेरॉक्स पायजे."

ओळ राहिली. कागद स्कॅन करून पोर्टलवर चढवला. उत्तर मान्य झालं, व्याज सुभेदारांच्या उत्पन्नात गेलं आणि त्यांनी कर भरला.

पुढच्या जुलैत काकू पुन्हा हजर. मी यावेळी सगळं विचारलं. आतापर्यंत साठलेलं व्याज त्यांनी गेल्या वर्षी वेगळ्या छोट्या ठेवीत टाकलं होतं. त्या व्याजावरचं व्याज मात्र कायद्यानेही काकूंचंच, ते नवऱ्यात जात नाही. रक्कम अगदी किरकोळ होती.

"काकू, ह्याला रिटर्न कशाला? उगाच माझी फी."

त्यांनी पाकिटातून पॅन कार्ड काढलं. त्यामागे घडी घातलेली झेरॉक्स होती, घडीवर विरत चाललेली. ती त्यांनी पुन्हा आत सरकवली आणि कार्ड माझ्यापुढे ठेवलं.

"भरा तुमी," त्या म्हणाल्या. "आवंदा माझा पगार सुरू झालाय."