पाच वर्षांचं कर्ज

माडीवर खोली बांधायची टूम ह्यांनी काढली तेव्हा माझं डोकंच फिरलं. दोघांच्या संसाराला अवधपुरीतलं आमचं घर पुरत नव्हतं की काय? त्यात ह्यांचं आजारपण चालू. "वेगळा जिना काढू, भाडेकरू ठेवू," हे म्हणाले. मी म्हटलं, "आधी तब्येत सांभाळा, मग भाडेकरू सांभाळा!" पण कारखान्यात जन्म घालवलेला माणूस, एकदा नकाशा डोक्यात बसला की काढायचं नाव नाही.

कर्ज पाच लाखांचं काढायचं होतं. ते कुठून काढायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत कॉमर्स शिकवायचे. ह्यांच्या कारखान्यातले इकडचे हिंदी लोक कर्ज म्हटलं की एकच विचारतात, "किस्त कितनी?" त्यावर मी नेहमी चिडायचे. अरे, हप्त्याच्या पलीकडे काही आहे की नाही?

बँकेचा दर साडेदहा टक्के होता, पण प्रोसेसिंग फी दोन टक्के आणि वर जीएसटी. म्हणजे अकरा हजार आठशे आधीच कापून घेणार. हातात चार लाख अठ्ठ्याऐंशी हजार आणि व्याज मात्र पूर्ण पाच लाखांवर. कर्मचाऱ्यांच्या सोसायटीचा दर साडेअकरा, फी जीएसटी धरून बाराशेच्या आत. व्याज दोन्हीकडे उरलेल्या मुद्दलावरच, आणि मुदतीआधी बंद केलं तर दंड कुठेच नाही. हे सगळं मी दोन्हीकडे खोदून खोदून विचारून आले होते.

रविवारी सकाळी पोहे झाल्यावर हे खुर्चीत बसले होते आणि मी मोबाईलवर आकडे मांडले. "बँकेचंच घ्यायचं," मी म्हटलं. "हप्ता अडीचशेनं कमी. पाच वर्षांत व्याज पंधराएक हजारांनी वाचतं. फी जास्त जाते ती धरूनही चार हजारांवर आपल्या पदरात."

हे म्हणाले, "आणि वर्षभरात फेडलं तर?"

हा प्रश्न मी वर्गातल्या मुलांना विचारायचे. त्यांच्यापैकी कोणी आपणहून विचारला असता तर मी खूश झाले असते. मी त्याच नादात सांगत सुटले, "मग सोसायटीचं स्वस्त. फी एकदाच जाते ना, ती पाच वर्षांवर पसरली तर जाणवत नाही. वर्षात बंद केलं तर सगळी त्या वर्षाच्याच डोक्यावर बसते. दरातला फायदा वर्षात पाच हजारही होत नाही. बँकेचं सहाएक हजारांनी महाग पडेल. अडीच वर्षांच्या पुढे गेलं तरच बँक परवडते."

"मग सोसायटीचं घेऊ."

"अहो, पण वर्षात पाच लाख आणणार कुठून? लॉटरी लागलीय का?"

"येतील," हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

ह्यांना रिटायर व्हायला सहा वर्षं होती. त्याआधी आमच्या घरात एवढी रक्कम येण्याचा रस्ता एकच होता. नोकरीत असताना माणूस गेला की त्याची ग्रॅच्युइटी आणि फंड बायकोला मिळतो. मागच्या आठवड्यात डॉक्टरकडे हे एकटेच गेले होते. "चांगलं चाललंय म्हणाले," एवढंच सांगून येताना जिलबी घेऊन आले होते. मी ती खाल्लीही होती. माडीवरची खोली, वेगळा जिना, भाडेकरू, सगळं कोणासाठी ते आत्ता कळत होतं.

मला रडू यायच्या आधी राग आला. "काही नाही सोसायटी-बिसायटी!" मी ओरडलेच. "कर्ज पाच वर्षांचं आहे. पाच वर्षं फेडायचंय, तुम्ही आणि मी. बँकेचंच घ्यायचं."

"अगं, उगाच सहा हजार घालवतेस."

"घालवते! माझी मर्जी!"

हे माझ्याकडे बघून हसले. मंगळवारी आम्ही दोघं बँकेत गेलो आणि मी दाखवीन तिथे ह्यांनी सह्या केल्या.

खोली झाली. जिन्याचा कठडा ह्यांनी उभं राहून लावून घेतला. मधले काही महिने इतके बरे गेले की मला वाटलं, जिंकले मी. मग थंडीत दवाखाना सुरू झाला, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत हे गेले.

पैसे आले तेव्हा कर्ज बंद करायला मी एकटी बँकेत गेले. काउंटरवरचा मुलगा नवीन होता, त्याला काही माहीत नव्हतं. स्क्रीनकडे बघत तो हळहळला, "आंटीजी, इतनी फीस दी और साल भर में बंद? पाँच साल चलातीं, तभी फायदा था."

"पाँच साल ही चलाना था, बेटा," मी म्हटलं, आणि तिथेच काउंटरला धरून मला रडू कोसळलं.