कोऱ्या चिठ्ठ्यांची पुस्तकं

कन्नड मुलखातल्या, विद्यानगरच्या आमच्या कॉलेजात ग्रंथसंग्रहाचं लेखी धोरण नव्हतं. तपासणीसाठी समिती येणार म्हटल्यावर प्राचार्यांनी ते माझ्यावर सोपवलं. मी ग्रंथपाल होतो. धोरण मीच लिहिलं आणि त्याचा मला अभिमानही होता.

कुठलं पुस्तक घ्यायचं ते अभ्यासक्रम, विभागाची मागणी आणि वापर पाहून ठरायचं. निधीतला विभागाचा वाटा विद्यार्थ्यांची संख्या आणि पुस्तकांची देवघेव यांवर. देणगीची पुस्तकं विनाअट, म्हणजे नको झाल्यास ती काढून टाकायचा हक्क आमचा. दहा वर्षांत कुणी नेलं नाही ते पुस्तक बाद करायचं, पण आधी विभागप्रमुखांनी यादी पाहून सही करायची. ही शेवटची अट मी मुद्दाम घातली होती. ती मोडली तीही मीच.

मराठीच्या पुस्तकांची नोंद तेव्हा संगणकावर आलेली नव्हती. पुस्तक कधी गेलं ते आत चिकटवलेल्या चिठ्ठीवरच्या तारखांवरूनच कळायचं. माझी सहायक रोज नवनगरहून बसने यायची. तिला सगळं कॉलेज अक्का म्हणायचं, मीही. घरची भाषा कन्नड, पण कपाटातली मराठी पुस्तकं तिला नुसत्या पाठीवरून ओळखू यायची. मी तिला चिठ्ठ्या पाहून यादी करायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ती दोन्ही हातांत पुस्तकं घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"सर, ह्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या आहेत."

"मग घाला यादीत."

"अहो, पण बाइंडिंग नवं आहे बघा. कुणी वाचलंच नसतं तर फाटलं कशाला असतं?"

मला त्याच क्षणी कळलं. बाइंडर फाटकं पुस्तक नवं बांधताना आतली जुनी पानं काढून टाकतो. त्यांच्याबरोबर तारखांची चिठ्ठी जाते, देणगीदाराच्या नावाचा कागदही जातो. मग आम्ही नवी चिठ्ठी लावतो. म्हणजे सर्वांत जास्त हाताळलेली पुस्तकंच न वाचलेली दिसत होती. आलेल्या प्रत्येक पुस्तकाची दाखल-नोंदवही काढून एकेक क्रमांक ताडून पाहिला असता तर निदान देणगीची कुठली ते समजलं असतं. आठवड्याचं काम होतं.

"सोमवारी लायब्ररी कमिटी आहे अक्का. नियम सगळ्यांना सारखा."

"आय्यो सर, नियम तुम्हीच केलाय की. थोडा थांबवा."

मी हसण्यावारी नेलं. मराठीच्या विभागप्रमुखांची जागा ते निवृत्त झाल्यापासून रिकामी होती. त्यांच्या रकान्यात मीच सही ठोकली. कमिटीने यादी मंजूर केली, पुस्तकं रद्दीत गेली. पुढच्या वर्षी देवघेव कमी दिसली म्हणून मराठीचा वाटाही घटला.

काही महिन्यांनी ते निवृत्त विभागप्रमुख आले. त्यांनी आपल्या दिवंगत पत्नीची पुस्तकं आम्हाला दिली होती. वेगळं कपाट मागितलं होतं, मी धोरण दाखवून नाही म्हटलं होतं, तरीही दिली होती. तिच्या हातच्या टिपा असलेलं एक पुस्तक त्यांना तासभर बसून पाहायचं होतं. त्यांनी मराठीचं कपाट वरपासून खालपर्यंत पाहिलं; पुस्तक नव्हतं. मग प्राचार्यांकडे गेले.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "ही यादी कुणी केली?"

"अक्कांनी," मी म्हणालो.

शब्द खोटा नव्हता. तिने मला अडवलं होतं, एवढंच मी सांगितलं नाही. तिला मेमो मिळाला, देवघेवीच्या टेबलावरून उठवून मागच्या गोदामात बसवलं. निवृत्तीपर्यंत ती तिथेच होती. मला रोज "नमस्कार सर" म्हणायची. ते निवृत्त गृहस्थ पुन्हा आले नाहीत, आणि पुढे वारलेही.

गेल्या महिन्यात मी हे सगळं लिहून काढलं आणि नवनगरला तिच्या घरी गेलो. तिने चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचले. मी माफी मागितली.

"चहा घेणार सर?" तिने विचारलं. मग कागद परत माझ्या हातात दिले. "बरोबर लिहिलंय. पण हे कन्नडमध्ये लिहून द्या."

"का?"

"मुलीला मराठी वाचता येत नाही. आईने कॉलेजची पुस्तकं रद्दीत घातली, असं तिच्या वर्गातल्या पोरी तिला म्हणायच्या. मी सांगितलं तरी तिला वाटलं, आई स्वतःला वाचवतेय."

जन्मभर मी बाजारात, बसमध्ये कन्नड बोललो; लिहिलं मात्र फारसं नाही. आता रोज सकाळी बसतो. सहीच्या रकान्यापर्यंत आलोय. तिथून पुढे "मीच केली" हे वाक्य मी चारदा लिहिलं आणि अजून मला ते नीट वाटत नाही. तिची मुलगी गौरीच्या सणाला येणार आहे. तोवर पुरं व्हायला हवं.