तीनशे बॉक्स आणि एक जाऊ

सुमंगलाबाय गावसांचा कशावरही पटकन विश्वास बसत नाही, आणि याच गुणाचा त्यांना गेली बावीस वर्षं पगार मिळतो आहे. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत नळाच्या तोट्या बनवणारा एक कारखाना आहे. तिथं बाहेरून येणारा माल, मग ती रबराची चकती असो की पुठ्ठ्याचा बॉक्स, आधी सुमंगलाबायच्या टेबलावर येतो. त्यांनी ‘पास’ लिहिलं तरच तो आत जातो. ट्रकवाले त्यांना पाठीमागं काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाजारात भेंडी घेतानासुद्धा त्या दोन मोडून बघतात आणि मोडलेल्याच घरी आणतात, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

अशा बाईनं एका नव्या पुरवठादारासाठी शिफारशीची मेल लिहायला घेतली, तेव्हा ऑफिसात पहिली कुजबुज झाली. बावीस वर्षांत त्यांनी कुणाला नावाजलं नव्हतं. मग आताच का?

कारण सरळ होतं. कारखान्याला बॉक्स घाटावरचा एकच पुरवठादार देत असे. पावसाळ्यात त्याचे बॉक्स चोर्ल्याचा घाट उतरून ओलसर होऊन यायचे. सुमंगलाबाय पुठ्ठ्याचा तुकडा मशीनमध्ये धरून दाब द्यायच्या, पास व्हायला निदान अकरा किलो दाब सोसायला हवा, तर तो अकराच्या आतच फुटायचा, आणि त्या ‘नापास’ लिहायच्या. पण दुसरे बॉक्स होते कुठं? तयार तोट्या पडून राहतात म्हणून उत्पादनवाले तेच नापास बॉक्स वापरायचे. थप्पीतले खालचे बॉक्स बसायचे आणि केरळातल्या गिऱ्हाइकांकडून चेपलेल्या मालाचे फोटो यायचे. आपला ‘नापास’ शब्द गेली तीन वर्षं नुसता कागदावर राहतो, हे सुमंगलाबायना फार लागलं होतं. माणसाचा शब्द असा फुकट जाणं त्यांना पगार फुकट घेण्यासारखं वाटे.

घाटावरच्याच्या मालाबरोबर त्याचा स्वतःचा तपासणी रिपोर्टही यायचा. त्यात दहा आकडे असत आणि दहाही बारा. उन्हाळ्यात बारा, पावसात बारा. सुमंगलाबाय म्हणत, “माणसाचो ताप पण रोज सारखो येणा नाय, ह्याचो पुठ्ठो बरो सारखो येता.”

जूनच्या शेवटी वसाहतीतल्याच एका नव्या, छोट्या युनिटनं गेटवर दहा नमुने ठेवले. सोबत हातानं लिहिलेला रिपोर्ट होता. आकडे वेडेवाकडे: अकरा पूर्णांक सहा, बारा पूर्णांक तीन, अकरा पूर्णांक एक. नववा आकडा दहा पूर्णांक आठ, आणि त्याच्यापुढं लिहिलं होतं, ‘हा कमी. शीटवाल्यानं कागदाचा रोल बदलला होता. त्या शीटचे बॉक्स बाजूला काढले.’

सुमंगलाबायनी तो कागद दोनदा वाचला. आपला माल कुठं कमी पडला हे स्वतःहून लिहिणारा पुरवठादार त्यांनी पाहिला नव्हता. अर्थात त्यांना लगेच संशय आला की हे नवं नाटक असेल. त्यांनी नमुने गोदामाच्या सगळ्यात दमट कोपऱ्यात आठ दिवस ठेवले, ओलावा मोजला, मग एकेक फोडून बघितला. एकही अकराच्या खाली गेला नाही. हे सगळं झाल्यावर त्यांनी रिपोर्टखालची सही नीट पाहिली, आणि डोकं धरून बसल्या. ती सही त्यांच्या धाकट्या जावेची होती. सुविधाची.

सुविधाशी त्यांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. आमोण्याच्या मूळ घरी दर चतुर्थीला दोघी एकाच स्वयंपाकघरात उभ्या राहायच्या, एक नेवऱ्या, म्हणजे करंज्या, लाटायची, दुसरी तळायची, आणि मीठ हवं असलं तर तिसऱ्या कुणाला तरी सांगायच्या. भांडणाचं मूळ सुमंगलाबायचाच स्वभाव होता. नऊ वर्षांपूर्वी सुविधानं नेवऱ्यांचा डबा आणला तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर एक नेवरी फोडून, आतलं खोबऱ्याचं चुन हुंगून बघितलं आणि म्हटलं, “ही विकतची.” ती विकतची नव्हती. सुविधा दोन रात्री जागली होती. चूक कळल्यावरही सुमंगलाबायनी माफी मागितली नाही, आणि ते सगळं तिथंच गोठलं.

आता मेल. खरेदी व्यवस्थापक दत्तप्रसाद पार्सेकर म्हणजे पेडण्याचा पक्का माणूस. नवा पुरवठादार म्हणजे कुणाचा तरी भाचा, असा त्यांचा ठाम समज, आणि दहातल्या सात वेळा तो खरा निघे. सुमंगलाबायनी इंग्रजीत मेल लिहिली, तिचा मतलब असा: आपला एकच पुरवठादार असल्यानं आपण नापास केलेला मालही वापरतो, नव्या युनिटचे दहा नमुने आठ दिवस दमट जागेत ठेवून तपासले, आकडे जोडले आहेत, युनिट लहान आहे, शीट विकत आणून फक्त बॉक्स बनवतं, तेव्हा सगळी ऑर्डर त्याला देऊ नये, एकाच मापाचे तीनशे बॉक्स चाचणीसाठी घ्यावेत, ते आधी आठ थरांची थप्पी लावून पंधरा दिवस गोदामात ठेवावेत, मग फक्त म्हापसा आणि मडगावच्या मालाला वापरावेत, म्हणजे बिघडलं तर माल परत आणता येईल, जुना पुरवठादार चालूच राहील.

मेल चांगली झाली होती. गावस आडनावाची माणसं डिचोलीत चिक्कार. नातं लिहिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं, निदान चार महिने. सुमंगलाबाय पाठवायच्या बटणाशी बराच वेळ थांबल्या. मग त्यांना वाटलं, एखाद्या पुरवठादारानं असं काही लपवलं असतं तर आपण त्याचं काय केलं असतं? त्यांनी शेवटी दोन ओळी जोडल्या. ‘युनिटची मालक माझी जाऊ आहे. म्हणून येणाऱ्या मालाची तपासणी मी करू नये.’

दहा मिनिटांत बोलावणं आलं.

“सुमंगलाबाय, ह्या जावेक तुमी कधीपासून ओळखतात?” दत्तप्रसादनी विचारलं.

“लग्न झाल्यापासून. पण नऊ वर्षां आमचा बोलणा नाय.”

दत्तप्रसादनी चष्मा काढला. नात्यातल्या माणसाची शिफारस त्यांना समजत होती. भांडण असलेल्या नातेवाइकाची शिफारस त्यांच्या कुठल्याच खणात बसेना, आणि त्यामुळं त्यांचा संशय दुप्पट झाला.

“बोलणा नाय तर शिफारस कशाक?”

“माझा भांडण तिच्याशी आसा, सर. बॉक्साशी नाय.”

ते हसले नाहीत. “तीनशे घेतंय,” ते म्हणाले. “तपासणी तुमच्या हाताखालचो सतीश करतलो. तुमी टेबलाकडे फिरकूचा नाय. आणि ह्यात काय वाकडा निघाला, तर पुढे तुमच्या ‘पास’वर पण माका दोनदा बघूचा लागतला.”

म्हणजे पणाला लागलं होतं ते हे. बावीस वर्षं जपलेला शब्द. सुमंगलाबायना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तीनशे बॉक्स जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आले. पंचवीस पंचवीसचे बारा गठ्ठे, टेम्पोवर ताडपत्री घट्ट बांधलेली. सुविधा स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून आली होती. तिनं सुमंगलाबायकडं पाहिलं नाही. सुमंगलाबाय काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या आणि काचेतून बघत राहिल्या.

सतीश हा चंदगडकडचा, कामाला चांगला, पण माणसांना खूश ठेवायची त्याला फार हौस. अर्ध्या तासात तो रिपोर्ट घेऊन दत्तप्रसादांकडं जायला निघाला. केबिनवरून जाताना हसून त्यानं कागद काचेला लावला. दहा आकडे. दहाही बारा.

सुमंगलाबायची नजर काचेपलीकडं मशीनकडं गेली. दहा तुकडे फोडले असते तर मशीनखालच्या डब्यात दहा फाटके तुकडे पडले असते. डबा रिकामा होता. सतीशनं मशीन लावलंच नव्हतं. मॅडमची जाऊ, म्हणजे पास, एवढा सोपा हिशेब त्यानं केला होता.

गप्प बसलं तर सगळं सुरळीत होतं. कागद स्वच्छ होता, सही दुसऱ्याची होती. त्या क्षणभर गप्प बसल्यासुद्धा, आणि हे त्यांनी पुढं स्वतःच कबूल केलं. मग उठल्या आणि सतीशच्या मागोमाग दत्तप्रसादांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“सर, ह्यो रिपोर्ट खोटो आसा. ह्येणा काय तपासूक नाय.”

“मॅडम, तुमच्या घरचाच माल की वो,” सतीश कळवळून म्हणाला. “म्हटलं, कशाला उगंच फाडायचं.”

दत्तप्रसाद उठले. ते खाली आले, मशीनशेजारी खुर्ची ओढून बसले आणि सतीशकडून प्रत्येक गठ्ठ्यातला एक बॉक्स त्यांनी आपल्यासमोर फोडून घेतला. सुविधा दाराशी हात बांधून उभी होती. सुमंगलाबाय ठरल्याप्रमाणं टेबलापासून लांब, भिंतीला लागून. पहिले सहा गठ्ठे अकराच्या वर गेले. सातवा दहा पूर्णांक चारला फुटला. सतीशनं त्यातले आणखी दोन घेतले. तेही तसेच. बाकीचे पाच गठ्ठे चांगले निघाले.

सुविधाचं तोंड उतरलं होतं. सुमंगलाबायना वाटलं, झालं, नऊ वर्षांपूर्वी चारचौघांत केलं तेच आपण परत केलं. आता हिला वाटणार, पास झालेला माल आपणच मुद्दाम उघडायला लावला. त्यांना तिथून निघून जावंसं वाटत होतं.

सुविधा चालत आली. मशीनकडं नाही, भिंतीकडं.

“खंयचो गठ्ठो?” तिनं विचारलं.

सुमंगलाबायनी बोटानं दाखवला. “सातवो.”

सुविधानं पिशवीतून वही काढली, पानं उलटली. “सातव्याची शीट शनिवारची,” ती दत्तप्रसादांना म्हणाली. “त्या दिवशी पाऊस आत इल्लो. माका वाटलेला सुकली. माझी चूक. आख्खो गठ्ठो परत व्हरतंय, बदलून देतंय.”

दत्तप्रसादनी तिच्याकडं पाहिलं, मग सुमंगलाबायकडं. त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय गेला नव्हता, पण आता तो नेमका कुणावर ठेवायचा हे त्यांना कळत नसावं. “बदलून कधी देतल्यात?” त्यांनी एवढंच विचारलं.

“बिरेस्तारा.” गुरुवारचा वायदा करून सुविधानं सातवा गठ्ठा स्वतः उचलून टेम्पोत टाकला. मग परत आली आणि सतीशकडं बोट दाखवून म्हणाली, “पण सायब, ह्याका तपासूक देव नकात. वयनीक सांगा.”

नऊ वर्षांनी ‘वयनी’ ऐकून सुमंगलाबायचे डोळे भरले, आणि सतीशसमोर ते दिसू नये म्हणून त्या डब्यातले फाटके तुकडे मोजायला वाकल्या.