धुळ्याच्या आजीचा फोन लागतो

माझ्या नातीला दोन आज्या. एक जळगावची, म्हणजे मी. दुसरी धुळ्याची, म्हणजे माझ्या सुनेची आई, माझी विहीणबाई. नात सहा वर्षांची, आईबापाबरोबर हैदराबादला राहते. वर्षातून एकदा दिवाळीला येते तेव्हा चार दिवस जळगाव, चार दिवस धुळे अशी वाटणी होते. ती वाटणी मी कशीबशी सहन करते. पण उरलेलं वर्षभर पोरगी फोनवर कोणाची, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला दर आठवड्याला सुनेकडून फुकट मिळायचं. ‘आत्ताच धुळ्याला बोलली तासभर. तुम्हाला लावत होतो आई, पण लागलाच नाही.’

लागलाच नाही! अहो, फोन माझ्या उशाशी. मी जागी. घरात वायफायचा डबा चोवीस तास दिवे मिचकावतोय. मग धुळ्याला लागतो आणि जळगावला लागत नाही, हे कसं काय? मी फोन हातात घेऊन उघडायची, तेव्हा टुणकन वर यायचं, व्हिडिओ कॉल येऊन गेला म्हणून. वाजला कधी होता? मला तर वाटायला लागलं की सून एक रिंग देते, कापते, आणि पोरीला सांगते, बघ, जळगावची आजी उचलतच नाही.

आणि लागला तरी काय, नशीब फुटकंच. आमचं पिंप्राळ्यातलं घर दोन मजली. खाली आम्ही, वर दीर-जाऊ. पुढच्या खोलीत आमचे हे टीव्हीवर बातम्या लावून बसतात, त्यांच्यापुढे कोणाचं काही ऐकू येत नाही. म्हणून मी माझी खुर्ची जिन्याखालच्या बोळात टाकली होती. तिथे गार असतं, स्वयंपाकघरावर लक्षही राहतं. नात समोर दिसायची, ‘आजी, आज शाळेत’ एवढं म्हणायची, आणि तिचं तोंड उघडंच राहायचं. चित्र जागच्या जागी. मग चक्र फिरायचं. मी इकडून ओरडायची, ‘ऐकू येतंय का? दिसतेय का मी?’ पुन्हा यायची तेव्हा ती दुसऱ्याच कशात गुंतलेली. पुन्हा अडकायची. शेवटी मुलगा म्हणायचा, ‘राहू दे आई, रविवारी बोलू.’ रविवारी तो साधा फोन करायचा आणि माझी शुगर विचारायचा. नात तोवर पार्कात गेलेली.

वायफायवाल्याला बोलावलं. तो आला, टीव्हीशेजारच्या डब्यापाशी उभा राहिला, स्वतःच्या मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि म्हणाला, ‘काकू, एकदम फुल आहे.’ चहा पिऊन गेला. बोळात तो आलाच नाही, आणि मलाही त्याला तिथे न्यायचं सुचलं नाही. आमचे हे म्हणाले, ‘बघ, काही बिघाड नाही. तुझ्याच डोक्यात आहे सगळं.’ माझ्या डोक्यात जे होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. माझ्या डोक्यात धुळ्याची बाई होती, पाय पसरून बसलेली, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला, आणि माझी नात तिला सगळं सगळं सांगतेय.

मला काय काय कळायचं ते विहिणीकडूनच. पोरीच्या शाळेतल्या बाईंचं नाव, तिची मैत्रीण कोण, बाहुलीचं लग्न कधी. विहीणबाई सणावाराला फोन करायच्या आणि सहज म्हणायच्या, ‘तुम्हाला सांगितलंच असेल तिने.’ मी म्हणायची, ‘हो, हो, सांगितलं की.’ अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मी ज्वारीच्या पापडांचा, आमच्या बिबड्यांचा, डबा हैदराबादला पाठवला, तर त्या आवडल्याचं मला धुळ्याहून कळलं. सांगा आता.

उन्हाळ्यात इथे जळगावातच, मेहरूणकडच्या एका मंगल कार्यालयात त्यांच्या नात्यातलं लग्न निघालं. विहीणबाई एकट्याच आल्या, आणि मुक्कामाला कुठे, तर आमच्याकडे. नाही कसं म्हणणार? मी भरीत केलं, कळण्याच्या भाकरी केल्या, हसून वाढलं. लग्न आटोपून दुपारी त्या परत आल्या आणि माझ्याच बोळात, माझ्या खुर्चीशेजारी पाट घेऊन बसल्या. आमच्या ह्यांनी सकाळीच त्यांना वायफायचा पासवर्ड देऊन ठेवला होता, न मागता.

आणि त्यांचा फोन वाजला. हैदराबाद. व्हिडिओ. माझ्या घरात, माझ्या वायफायवर, माझ्या बोळात! माझा फोन माझ्या मांडीवर मुका पडलेला. नात त्यांच्याशी बोलली, हसली, बाहुलीला नवं लुगडं नेसवून दाखवलं. एकदासुद्धा अडकली नाही. ‘जळगावची आजी पण आहे इथे,’ असं म्हणून विहीणबाईंनी फोन माझ्याकडे वळवला तेव्हा नात म्हणाली, ‘हाय आजी,’ आणि लगेच, ‘मी खेळायला जाऊ?’

फोन बंद झाल्यावर मी बोललेच. किती दिवस गिळणार? म्हटलं, ‘तुमचं बरं आहे. तुम्हाला लावतात. आम्हाला कोण विचारतं?’

विहीणबाई चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसता माझ्या फोनकडे हात केला. ‘दाखवा बरं.’ फोन तसाच काळा असताना त्यांनी आपल्या फोनवरून मला व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे लागत होता, माझा हूं की चूं करेना. मग त्यांनी माझ्या फोनचं बटण दाबलं. उजेड आला, जरा वेळाने वायफायची खूण उगवली, आणि मग वर आलं, कॉल येऊन गेला म्हणून.

‘तुमना फोन झोपी जास, विहीणबाई,’ त्या म्हणाल्या. त्या घरचं बोलायला लागल्या की अशाच अहिराणीवर येतात. ‘मना बी असाच करे.’ त्यांच्याही फोनने मागे असाच छळ मांडला होता म्हणे, आणि धुळ्याच्या मोबाईलच्या दुकानदाराने त्यांना काय ते दाखवलं होतं.

बॅटरी वाचवायचं बटण चालू होतं. पडदा काळा झाला की माझा फोन बॅटरी वाचवायला वायफायच सोडून द्यायचा. नेटचा पॅक मी मारलेला नव्हता, घरात वायफाय असताना कशाला म्हणून. मग हैदराबादचा कॉल यायचा कुठून? ते बटण कोणी चालू केलं, हे मी पुढच्या खोलीत जाऊन विचारलं. आमचे हे बातम्यांवरून नजर न काढता म्हणाले, ‘मीच. उन्हाळ्यात वीज जाते, बॅटरी टिकायला नको?’ त्यांना मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

‘पण चालू कॉलमध्ये पोरगी अडकते त्याचं काय?’ बोळात परत येऊन मी विचारलं. तेव्हा तर पडदा काळा नसतो. विहीणबाईंनी पुन्हा कॉल लावला आणि माझ्याच फोनवर वायफायची यादी उघडून धरली. बोळात बसल्या बसल्या आमचं नाव गेलं आणि जावेच्या वायफायचं नाव आलं. माझं चित्र त्यांच्या फोनवर थिजलं. थोड्या वेळाने जावेचं गेलं, आमचं आलं. पुन्हा चक्र. आमचं वायफाय यायच्या आधी जावेने मला तिचा पासवर्ड दिला होता, तो फोनने जपून ठेवलेला. बोळात आमच्या डब्याची रेंज कमी आणि वरच्या डब्याचीही कमी. त्यातल्या त्यात बरं वायफाय दिसलं की आपोआप तिकडे जायचं, असंही एक बटण चालू होतं. म्हणून माझा फोन एकदा खाली, एकदा वर, आणि दर उडीला कॉल तुटायचा. विहिणीच्या फोनला फक्त आमचंच माहीत, म्हणून तो त्याच कमी रेंजवर गुमान बसून राहिला.

त्यांनी बॅटरीचं बटण बंद केलं, आपोआप बदलायचं बंद केलं, जावेचं वायफाय फोनमधून काढून टाकलं. माझी खुर्ची उचलून पुढच्या खोलीच्या दाराशी ठेवली आणि माझ्या नवऱ्याला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं. व्याही असून त्यांनी मुकाट्याने केला. माझ्या सांगण्यावरून उभ्या जन्मात केला नव्हता. हेही त्या बाईकडूनच व्हायचं होतं. आभार मानायला पाहिजे होते, मी मानलेही, पण ओठांच्या आत.

संध्याकाळी माझा फोन वाजला. स्वतःहून वाजला. नात समोर आली, स्वच्छ, नाकावरचा तीळसुद्धा दिसत होता. विहीणबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या, पण फोन माझ्या हातात, त्यामुळे तिला त्या दिसत नव्हत्या.

आणि मला काही सुचेना. इतके दिवस मी तिच्याशी बोलले काय, तर ऐकू येतंय का, दिसतेय का. आता ऐकूही येत होतं, दिसतही होतं. मी म्हटलं, ‘जेवलीस?’ ती म्हणाली, ‘हो.’ मी म्हटलं, ‘शाळा?’ ती म्हणाली, ‘सुट्टी आहे.’ माझे प्रश्न संपले. आता वायफायला तरी कुठे बोल लावणार होते मी? पोरीला मी नकोच होते, हेच खरं, असं वाटलं, आणि शेजारी ती बाई बघतेय.

नात माझ्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, ‘आजी, तू आता जाणार?’

‘कुठे जाऊ?’

‘तू नेहमी जातेस ना. मी सांगायला लागले की तू जातेस.’

मी म्हणाले, ‘नाही जात. सांग तू.’

तिने मागे वळून दाराकडे बघितलं. मग फोन अगदी तोंडाजवळ घेतला, इतका की मला नुसते ओठ दिसत होते. ‘माझा दात हलतोय. कोणाला माहीत नाही. आईला सांगू नको, ती ओढून काढेल. आणि धुळ्याच्या आजीला तर मुळीच सांगू नको. ती सगळं आईला सांगते.’

शेजारी विहीणबाईंनी सगळं ऐकलं. त्यांनी पदराचं टोक हातात धरलं होतं, ते नुसतंच बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. चेहरा एवढासा झाला होता. त्यांनीच फोन दुरुस्त करून दिला होता, दुपारपासून कमरेत वाकून. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. छे, अजिबात नाही.

मी फोन थोडा माझ्या बाजूला वळवून घेतला आणि हळूच विचारलं, ‘वरचा की खालचा?’