सही करण्याआधी

माझी थोरली बहीण ब्लाउज शिवते. हात असा की एकदा माप घेतलं की गिऱ्हाईक दुसरीकडे फिरकत नाही. पण अलीकडे चिकित्सकपणा अंगात भिनलेला. आधीच्या घरी तिने न वाचता सही केली, आणि मुदतीआधी घर सोडलं म्हणून मालकाने अनामत रकमेवर पाणी सोडायला लावलं. तेव्हापासून दुधाने तोंड भाजल्यासारखी वागते.

नवी खोली तिला मनापासून आवडली होती. खिडकीशी मशीन मावत होतं, उजेड भरपूर होता. एजंटने इंग्रजी करार पुढे केला आणि बोटाने सहीची जागा दाखवली. ताईने पेन खाली ठेवलं आणि समोर बसलेल्या नव्या घरमालकांकडे वळली.

"काका, यात काय काय आहे ते मराठीत सांगा. मग करते सही."

मालक म्हणजे निवृत्त हेडक्लार्क, सज्जन माणूस. तीन भाडेकरू होऊन गेले, पण हा छापील मजकूर त्यांनीही कधी धड वाचला नव्हता. आता चष्मा लावून एकेका कलमाचा अर्थ सांगू लागले. भाडं कधी द्यायचं, वीजबिल कोणाचं, सोडायच्या आधी किती दिवस कळवायचं. ताई मान डोलवत होती. मग ते एका ओळीपाशी अडले.

"जागा फक्त राहण्यासाठी. कुठलाही धंदा इथे चालवायचा नाही."

मघाशी ताई खिडकीशी मशीनची जागा मोजत होती, त्याबद्दल त्यांनी विचारलं. ताईने खरं ते सांगितलं. ते कलम खोडून शेजारी आपण दोघं सही करू, अशी विनवणीही केली. एजंट हसून म्हणाला, हे कोण बघतं? आधीची भाडेकरू वर्षभर शिकवण्या घेत होती. मालक ओशाळले. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, म्हणाले, आता डोळ्यांनी वाचलंय, आणि सोसायटीने जाब विचारला तर मी काय तोंड दाखवू? कलम खोडायला ते काही तयार होईनात.

खोली हातची गेली. आठवड्याने ती जेवणाचे डबे करून विकणाऱ्या एका जोडप्याने घेतली. दिवसभर तिथे कुकरच्या शिट्ट्या. रस्त्यात मालक भेटले तेव्हा मी त्यांना खडसावलंच. ते खाली बघत म्हणाले, "त्यांनी काही विचारलं नाही हो. मग मीही वाचून दाखवलं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाला लबाडही म्हणता येत नव्हतं, हाच खरा संताप होता.

पुढच्या खोलीचा करारही इंग्रजीतच होता. मी कोपराने ढोसत राहिले, पण ताईने तोंड उघडलं नाही. एजंटचं बोट जिथे टेकलं तिथे मुकाट्याने सही केली आणि संध्याकाळी मशीन आणलं, चादरीत गुंडाळून.

काल मी तिच्याकडे गेले होते. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली. ताईने पायडलवरचा पाय उचलला आणि पावलं वरच्या मजल्यावर जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.