छत्तीस अंशांचा फरक

नीवेस तोमाझिन भाषांतर करायची ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर. इटलीतल्या फ्रिउलीच्या त्या सपाट मुलखात द्राक्षवेलींच्या रोपवाटिका घराघराला लागून आहेत, आणि तिथल्या सहकारी संस्थेला परदेशातलं काही वाचायचं झालं की कागद तिच्याकडे येत. वीस वर्षं तिने हे काम केलं. कामात कुचराई अशी तिने कधी केली नाही. या गोष्टीत वाईट वाटावं असं तेच आहे.

त्या हिवाळ्यात वेलींवर पिवळा रोग आला होता. सिल्वानो पिकोलचा बांधालगतचा जुना मळा सरकारी माणसांनी उपटायला लावला. त्या मळ्यात नेग्रात होती, काळी, जाड सालीची, फक्त त्याच गावाची जात. दुसऱ्या कोणाकडे उरलेली नव्हती. उपटण्याआधी नव्या लागवडीसाठी काड्या काढून ठेवायला परवानगी मिळाली, पण एका अटीवर: रोग मरावा म्हणून त्यांच्यावर गरम पाण्याची प्रक्रिया झाली पाहिजे. प्रक्रियेचा शोधनिबंध अमेरिकेतला, इंग्रजीत. संस्थेने तो नीवेसकडे दिला. सिल्वानो संध्याकाळी स्वतः विचारायला आला. दोघं एका बाकावर शिकलेले.

"नीवेस, सगळं नको. 'पद्धती' एवढं कर. आणि सरळ लिही. टाकीत टाका, इतका वेळ ठेवा, बाहेर काढा. मला कामाला लागायचंय."

"ही काय पोलेंताची पाककृती आहे का? शोधनिबंध आहे. 'काड्या बुडवण्यात आल्या, ठेवण्यात आल्या, थंड करण्यात आल्या.' तसंच राहणार."

"कोणी बुडवल्या?"

"ते लिहीत नाहीत."

"म्हणजे काड्या आपोआप आंघोळीला गेल्या. शहाण्या काड्या!" तो हसला. "बरं, तू एकदा टाकी बघायला ये. दोन टाक्या आहेत, एक गरम, एक गार. बघितलंस तर कळेल."

"टाकी बघून भाषांतर होत नसतं रे," नीवेस म्हणाली. "वाईन घेतोस?"

त्याने अर्धा ग्लास घेतला आणि गेला.

तिने काम केलं ते नेहमीच्या शिस्तीने. वाक्यांमध्ये कर्ता येऊ दिला नाही. इंग्रजीतला दशांशाचं टिंब काढून इटालियन पद्धतीचा स्वल्पविराम घातला. गॅलनचे लिटर केले, औंसांचे ग्रॅम. फॅरनहाइटचे अंश सेल्सिअसमध्ये आणले, आणि आकडा व खूण यांच्यात एक जागा सोडली. पाण्याचं तापमान एकशेबावीस फॅरनहाइट होतं, ते बरोबर पन्नास आलं. वेळ पंचेचाळीस मिनिटं. पुढचं वाक्य असं, की दुसऱ्या टाकीत काड्यांचं तापमान छत्तीस अंश फॅरनहाइटने खाली आणण्यात आलं आणि मग त्या निथळवून पिशव्यांत बांधण्यात आल्या. तिने कोष्टक काढलं. छत्तीसच्या ओळीत दोन पूर्णांक दोन लिहिलं होतं. तिने तेच लिहिलं: 2,2 °C.

मग आकड्यांची तपासणी. ती नीवेस कधी एकटी करत नसे. ओत्तोरीनो मास्तर, म्हणजे शाळेतले जुने रसायनाचे शिक्षक, दर वेळी येत. तिने इंग्रजी आकडा मोठ्याने वाचायचा, त्यांनी कोष्टकात बोट ठेवून इटालियन सांगायचा.

"एकशेबावीस."

"पन्नास."

"छत्तीस."

"दोन स्वल्पविराम दोन."

"बरोबर," नीवेस म्हणाली, आणि लाल पेन्सिलीने खूण केली.

"तू माझी शेवटची विद्यार्थिनी, जिला स्वल्पविरामाची किंमत कळते," मास्तर म्हणाले. दोघांनी कॉफी घेतली. दोघांचे आकडे जुळले, कारण दोघं एकाच कोष्टकाच्या एकाच ओळीत पाहत होते. ती ओळ पाण्याच्या तापमानासाठी होती. किती अंशांनी खाली आणायचं, त्या फरकासाठी नव्हती. बर्फाच्या बत्तीस अंशांची वजाबाकी तापमानाला लागते, फरकाला लागत नाही. छत्तीसचा फरक म्हणजे वीस अंश. हे दोघांनाही माहीत होतं. विचारलं असतं तर झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण विचारायला कोणी नव्हतं, आकडे तर जुळत होते.

सिल्वानोने कागद टाकीशेजारी खिळ्याला अडकवला आणि कागदाबरहुकूम केलं. पन्नासवर पंचेचाळीस मिनिटं. मग दुसऱ्या टाकीत क्षणभर, काटा दोन अंश उतरेपर्यंत. लगेच निथळून, प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून, शीतगृहात. गठ्ठ्यांच्या आतली ऊब मात्र बाहेर पडली नाही. ती रात्रभर काड्यांच्या डोळ्यांत, जिथून कोंब फुटायचा तिथे, बसून राहिली.

एप्रिलमध्ये काड्या लावल्या. मे उजाडला. शेजारच्या वाफ्यांत हिरवं दिसायला लागलं. नेग्रातच्या वाफ्यांत काहीच नाही. सिल्वानोने चाकूने एक डोळा उभा चिरला. आत हिरवं नव्हतं, तपकिरी होतं. त्याने दुसरा चिरला, तिसरा चिरला. मग चाकू मिटून तो नीवेसकडे आला.

"डोळे भाजलेत," तो म्हणाला. "पन्नासने भाजत नाहीत. कागद बघ जरा."

तिने मूळ कागद काढला. बोट वाक्यावर ठेवलं आणि ते तिथून हललं नाही.

"सिल्वानो, दोन नाही रे. वीस. वीस अंशांनी थंड करायचं होतं. तीसवर आणायच्या होत्या."

तो खुर्चीत बसला.

"मास्तरांनी बघितलं होतं ना?"

"बघितलं. माझ्याबरोबर. चूक माझी. त्यांना काही बोलू नकोस."

"बोलून काय उगवणार आहे?" तो म्हणाला. मग हळूच: "दोन अंशांसाठी दुसरी टाकी कोण बांधतो, हे मलाही सुचायला हवं होतं. मी म्हटलं, शास्त्रज्ञ आहेत, असेल काही."

नीवेसला हे ऐकवेना. तो दोष वाटून घेत होता, आणि तो त्याचा नव्हता. 'टाका, ठेवा, काढा' असं तिने लिहायला घेतलं असतं तर एक माणूस डोळ्यासमोर उभा करावा लागला असता, हातात गरम गठ्ठा घेतलेला. त्याला 'दोन अंश थंड करा' म्हणताना तिची लेखणी थांबली असती. तिने माणूस काढून टाकला होता, आणि वाक्य कसं स्वच्छ दिसत होतं.

संस्थेला तिने दुरुस्ती पाठवली. 'चूक आढळून आली आहे' असं आधी लिहिलं. मग खोडून 'मी चूक केली' असं लिहिलं. संस्थेने ते छापताना पुन्हा पहिल्यासारखं केलं. तिने त्यावर भांडण केलं नाही. भांडून नेग्रात परत येणार नव्हती.

जूनमध्ये सिल्वानोच्या कानावर आलं, की डोंगराकडच्या एका घराच्या भिंतीवर जुनी काळी वेल आहे. दोघं त्याच्या गाडीतून गेले. घर सापडलं. म्हाताऱ्या मालकिणीने दार उघडलं, हात पुसत.

"वेल? होती की. माझ्या सासूने लावलेली. द्राक्षं काळीकुट्ट, साल दाताला लागायची. मार्चात काढली बाई, मुलाला गॅरेज रुंद करायचं होतं. तुम्ही थोडं आधी यायला हवं होतं."

गॅरेजच्या भिंतीवर नवा चुना होता. नीवेस वाकली आणि सिमेंटच्या कडेला बोटांनी चाचपू लागली, एखादं मूळ, एखादा फुटवा. सिल्वानोही खाली बसला. दोघांनी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"काम चांगलं केलंय," सिल्वानो शेवटी म्हणाला. "मुळासकट काढलीय."

म्हातारीने त्यांना कॉफी पाजली. ते नको म्हणू शकले नाहीत.