टोल टाळा, महामार्ग टाळा, होडी टाळा

माझा मेहुणा टोल भरत नाही. म्हणजे फुकट जातो असं नाही, तो टोलनाक्याच्या वाटेलाच जात नाही. औरंगपुऱ्यात त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. दिवाळीत घरभर रोषणाई करतो, लग्नाकार्यात पाकीट जाड देतो, पण टोलनाक्यावरचा दांडा वर होताना बघितला की त्याच्या पोटात दुखतं. रस्ता बापजाद्यांच्या जमिनीतून गेलेला, मग पैसे कसले, असं तो म्हणतो. त्याच्या बापजाद्यांची जमीन कुठून कुठे होती ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. समृद्धी महामार्ग तिच्यापासून चांगला वीस कोस लांब आहे.

अशा माणसाच्या गाडीत बसून मी भाचीच्या लग्नाला निघालो. मी गणिताचा मास्तर होतो. वेग, वेळ आणि अंतराची उदाहरणं फळ्यावर घालण्यात तीस वर्षं गेली. मला मात्र गाडी येत नाही, त्यामुळे मेहुण्याच्या शेजारी बसण्याला पर्याय नव्हता.

लग्न मेहकरजवळच्या एका गावात, मुहूर्त दुपारी बारा चाळीसचा. मामा म्हणून मला तिथं नुसतं जेवायला जायचं नव्हतं. मुलीला हाताला धरून मंडपात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं, हा मान मामाचा. शिवाय या लग्नात मामा नुसता मानाचा नव्हता. माझ्या बहिणीचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. कन्यादान चुलते करणार होते. तिच्या सासरच्या भाऊबंदांनी आठवडाभर आधीच ठरवून टाकलं होतं की तिनं बोहल्याजवळ येऊ नये, आतल्या खोलीत बसावं, अक्षता पडल्या की मग मुलीला भेटावं. शिकलेली माणसं, दोघं तर शिक्षकच. बहिणीनं फोनवर मला हे सांगितलं. तिचं एकच म्हणणं होतं, पोरीच्या मागं आपलं माणूस हवं. मी म्हटलं, भांडण नको, त्यांचं ऐक, मी आहे ना, सव्वाअकराला दारात हजर असतो.

सव्वाअकरा मी हवेतून काढले नव्हते. समृद्धीनं मेहकर घरापासून दोन तासांवर आहे, जुन्या जालना रोडनं तीन तासांवर. नऊला निघायचं. आदल्या संध्याकाळी मेहुण्याला दोनदा विचारलं, समृद्धीनंच ना? तो दोन्ही वेळा व्हय म्हणाला. आमच्याकडे व्हय म्हणजे ऐकू आलं, एवढंच. हे मला या वयात कळायला हवं होतं.

सकाळी गाडी शेंद्र्याला समृद्धीकडे वळायची ती वळलीच नाही. मी विचारलं तर त्यानं हनुवटीनं समोर लावलेला मोबाईल दाखवला. नकाशा म्हणत होता, बारा पस्तीसला पोहोचाल.

"वेळेत जातो की दाजी. अन् एक रुपया टोल नाय," तो म्हणाला.

मुहूर्ताला पाच मिनिटं राखून नवरीचा मामा पोहोचणार, आणि याला त्यात काही वावगं दिसेना. मी चिडलो. तर म्हणे नकाशा नेहमी अर्धा तास वाढवून सांगतो, माणसाला घाबरवायला. मागच्या सीटवरून माझ्या बायकोनं भावाची बाजू घेतली, त्याला रस्त्यांची सवय आहे, तुम्ही गप बसा. मी गप बसलो. ही माझी पहिली चूक.

करमाड गाठलं आणि त्या मोबाईलमधल्या बाईनं आम्हाला चांगला चौपदरी रस्ता सोडून डावीकडे वळायला सांगितलं. मेहुणा वळला. मला वाटलं पुढे काही काम चालू असेल, नकाशाला माहीत असेल. पुढचा दीड तास मी जे रस्ते पाहिले त्यांना रस्ता म्हणायचं तर शब्दाला लाज वाटेल. एका गावात आठवडी बाजार रस्त्यातच भरलेला, मेथीच्या जुड्यांमधून गाडी काढावी लागली. दुसऱ्या गावाबाहेर कापसाचा ट्रॅक्टर समोरून आला, दोघांपैकी कोण मागे जाणार यावर चर्चा झाली आणि आम्ही मागे गेलो. बारा पस्तीसचे बारा पन्नास झाले, मग एक. नकाशा वाढवून सांगत नव्हता, कमीच सांगत होता. त्या बिचाऱ्याला मेथीची काय कल्पना.

जालन्यात पोहोचायला अकरा वीस झाले. सरळ रस्त्यानं तासाभरात येणारं जालना! मी गाडी थांबवायला लावली, चष्मा लावला आणि मेहुण्याचा मोबाईल हातात घेऊन मार्गाचे पर्याय उघडले. तिथं तीन ओळी होत्या आणि तिन्हींसमोर बटणं चालू होती. टोल टाळा. महामार्ग टाळा. होडी टाळा.

खुलासा असा निघाला. हा गडी गावोगावच्या दुकानांना वायरी आणि बल्ब मोटारसायकलवरून पोचवतो. समृद्धीवर दुचाकी चालत नाही आणि मोठ्या रस्त्यावर ट्रकची भीती, म्हणून कधीतरी त्यानं सगळी बटणं एकदम दाबून ठेवली होती. एकदा दाबलं की ते तसंच राहतं, पुढच्या वेळी विचारत नाही. टाळलेले रस्ते नकाशा समोर ठेवत नाही, म्हणून तिकडनं किती लवकर पोहोचलो असतो हे याला कळणारही नव्हतं. जे दाखवलं तेच जग. आणि होडी! मराठवाड्यात जन्मलेला, जायकवाडी सोडलं तर पाण्याचा मोठा साठा न पाहिलेला माणूस दोन वर्षं सावधपणे होड्या टाळत हिंडत होता.

माझ्या मोबाईलवर मी दोन्ही वाटा मांडल्या. इथून समृद्धीवर चढलो तर एक तास पाच मिनिटं, म्हणजे बारा पंचवीस. जुन्या रस्त्यानं एक तास पन्नास, म्हणजे एक वाजून दहा. चौथीच्या पोरालाही सुटेल असं उदाहरण. मेहुण्यानं दोन्ही आकड्यांची वजाबाकी केली.

"पाऊण तासाचाच तर फरक हाय," तो म्हणाला. "अर्धी वाट तर फुकटात झाली."

रस्त्याच्या कडेला उभं राहून पंधरा मिनिटं आम्ही भांडलो. मी म्हटलं टोल मी भरतो. तर त्याचा अपमान झाला. पाहुण्याकडून टोल घेईन काय म्हणाला. मग स्वतः भरेना आणि मलाही भरू देईना. शेवटी बायकोच त्याला रागावली, तेव्हा गाडी सुरू झाली. अकरा पस्तीस. म्हणजे बरोबर बारा चाळीसला पोहोचणार. मी भांडलो नसतो तर पंधरा मिनिटं हातात राहिली असती, हे माझ्या लक्षात आलं आणि मी कोणाला सांगितलं नाही.

एवढं होऊनही समृद्धी हुकली. आम्ही समृद्धीनं जायचं ठरवलं होतं, पण त्याच्या मोबाईलला ते कोणी सांगितलं नव्हतं. मी बटणं पाहिली, त्यांच्यावर भाषण दिलं आणि ती तशीच चालू ठेवून मोबाईल जागेवर लावला. वर चढायचा फाटा आला, पाटी एवढी मोठी की आंधळ्यालाही दिसावी. मोबाईलमधली बाई म्हणाली सरळ जा. मी म्हणालो वळ. मेहुणा सरळ गेला. दाजी बोलतात ते खोटं असू शकतं, बाई कशाला खोटं बोलेल. आम्ही थांबेपर्यंत पुढचा दुभाजक लागला होता, मागे फिरायला जागा बरीच पुढे होती. फिरून यायचं म्हटलं तर वाचणारा वेळ त्यातच जाणार. मी बटणं बंद केली, निदान महामार्ग तरी सुटू नये म्हणून, आणि जुन्या रस्त्यानंच पुढे निघालो.

सिंदखेडराजाच्या पुढे बहिणीचा फोन आला. बारा वीस झाले होते.

"दादा, कुठं आलास? मुलीला तयार करून बसवलंय."

"आलोच. दहा मिनिटांत," मी म्हणालो.

अजून तासभराची वाट होती. आपल्याकडे आलोच म्हणणाऱ्याला कोणी खोटारडा म्हणत नाही, घराबाहेर पडलेला प्रत्येक माणूस आलोच असतो. मला वाटलं, गावाकडचं लग्न आहे, बारा चाळीसचं दीडला लागेल. मुलाच्या मित्रांचा नाच वेशीपासून मंडपापर्यंत पोहोचायलाच तास जातो. पण त्या दिवशी भटजींना दोन वाजता दुसऱ्या गावात दुसरं लग्न लावायचं होतं. माझ्या आयुष्यात जवळपास वेळेवर लागलेलं ते एकमेव लग्न.

आम्ही पोहोचलो तेव्हा एक पंचवीस झाले होते. मंडपात पंगत बसली होती. नवरा-नवरी खुर्चीवर, फोटो चालू. भाऊबंदांपैकी एका शिक्षकानं मला नमस्कार केला आणि तोंड फिरवलं. मी मेहुण्याकडे बोट दाखवायच्या तयारीतच होतो. सगळं भाषण तयार होतं, मेथी, बटणं आणि होडीसकट.

बहीण स्वतःच पुढं आली. आतल्या खोलीतून नाही, बोहल्याकडून. तिच्या केसांत अक्षता अडकलेल्या होत्या.

माझ्या दहा मिनिटांवर त्यांनी बारा पन्नासपर्यंत वाट पाहिली होती. मग भटजी घाई करायला लागले. कोणी म्हणालं शेजारच्या घरातला एखादा मामा उभा करा. तेव्हा भाची उठली आणि म्हणाली, माझ्या मागं आई उभी राहील, नाहीतर मी बाहेर येत नाही. भाऊबंद कुरकुरले. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि त्यांची काही हरकत उरली नाही. बहिणीनं मुलीला हाताला धरून आणलं आणि शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत तिच्या मागं उभी राहिली.

मी मेहुण्याचं नाव घेऊन माफी मागायला सुरुवात केली. टोल, करमाड, बटणं. तिनं थोडंसं ऐकून घेतलं. ती रागावलेली नव्हती. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"बरं झालं दादा," ती म्हणाली. "तू वेळेवर आला असतास तर मी आतच बसले असते. तू तेच तर कबूल करून घेतलं होतंस माझ्याकडून."

मग तिनं आम्हाला पंगतीला बसवलं आणि मेहुण्याला आग्रह करून आणखी एक जिलबी वाढली.